वाढलेला काउंट पुन्हा का घसरला?

आईची केमो संभाजीनगरला चालू आहे. फिलग्रास्टिमच्या इंजेक्शनांनी दोन दिवसांत पांढऱ्या पेशी वाढल्या, मग पुन्हा घसरल्या. इंजेक्शनं वाया गेली का?

नाही. पहिली वाढ नव्या पेशींची नसतेच. अस्थिमज्जेत आधीच तयार होऊन साठलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी या औषधाने लवकर रक्तात उतरतात. साठा सरला की केमोचा मार उघडा पडतो. तोवर मज्जेतल्या वाचलेल्या कोवळ्या पेशी औषधामुळे भराभर विभागत असतात, पक्वही लवकर होतात. खरी वाढ त्यांची, ती नंतर दिसते. म्हणून पहिला आकडा पाहून इंजेक्शनं मनाने बंद करू नका. कंबर, मांड्या ठणकणं बहुधा मज्जेच्या याच कामामुळे असतं. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर मात्र सकाळच्या एसटीची वाट न पाहता रात्रीच मोठा दवाखाना गाठा.