अभ्यासाचे निष्कर्ष ४५ शब्दांत बसवताना आकडे कसे वाचवायचे?

प्रश्न: नागपुरात आमचं सिकलसेल रुग्णांचं छोटं मंडळ आहे. दर महिन्याच्या पत्रकात एका अभ्यासाचा सारांश देतो, निष्कर्षांना फक्त ४५ शब्दांची जागा. कापता कापता किती लोकांवर अभ्यास झाला तेच उडतं, नाहीतर वाक्याचा पार चेंदामेंदा होतो. या वेळी हायड्रॉक्सीयुरियाचा १९९५ चा अमेरिकेतला अभ्यास घेतलाय. कसं कापू?

उत्तर:

सुरुवात निष्कर्षांच्या परिच्छेदापासून करू नका. आधी पद्धतीचा परिच्छेद वाचा आणि अभ्यास नेमकं काय मोजायला निघाला होता ते शोधा. या चाचणीत ते होतं वर्षाला येणाऱ्या वेदनेच्या क्रायसिसचं प्रमाण. हा मुख्य परिणाम. बाकी जे काही मोजलं ते दुय्यम, मग त्यातला आकडा कितीही उठून दिसो.

आता निष्कर्षांत काय आहे ते मराठीत मांडू. हायड्रॉक्सीयुरिया घेणारे १५२ जण, प्लासिबो घेणारे १४७. वर्षाला क्रायसिसचा मध्यक २.५ विरुद्ध ४.५, पी<०.००१. पहिला क्रायसिस येईपर्यंतचा काळ ३ महिने विरुद्ध १.५ महिना, दुसऱ्यापर्यंतचा ८.८ विरुद्ध ४.६ महिने. चेस्ट सिंड्रोम २५ जणांना विरुद्ध ५१ जणांना. रक्त द्यावं लागलं ४८ जणांना विरुद्ध ७३ जणांना. शेवटी औषधाचा डोस वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ० ते ३५ मिलिग्रॅम. महत्त्वाचे दुष्परिणाम नाहीत.

घाईत कापलं की यातून बहुतेक वेळा असं वाक्य निघतं: ‘हायड्रॉक्सीयुरियामुळे क्रायसिस लक्षणीयरीत्या कमी झाले (पी<०.००१).’ वाचायला छान, पण हातात काहीच नाही. पी-मूल्य एवढंच सांगतं की औषधाचा काहीच परिणाम नसता तर इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसणं फार दुर्मिळ झालं असतं. फरक केवढा, हे ते सांगत नाही. म्हणजे नेमका जो आकडा ठेवायचा तो गेला आणि ज्याच्यावाचून चाललं असतं तो राहिला.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: ‘क्रायसिस ४४ टक्क्यांनी घटले.’ हिशेब बरोबर आहे, ४.५ वरून २.५ म्हणजे सुमारे ४४ टक्के घट. पण मूळ आकडे काढून नुसता टक्का ठेवला की वाचणारा त्याचं ‘१०० पैकी ४४ जणांना गुण आला’ असं करून टाकतो, आणि अभ्यास तसं कुठेच म्हणत नाही. त्यामुळे दोन्ही गटांचे आकडे ठेवा. जागा उरलीच तर टक्का.

तिसरी जागा मध्यकाची. मध्यक म्हणजे सरासरी नव्हे. गटातल्या निम्म्या रुग्णांचा दर २.५ च्या वर, निम्म्यांचा खाली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ‘प्रत्येक रुग्णाचे वर्षाला दोन क्रायसिस वाचले’ असं वजाबाकी करून लिहू नका. सोपं करायच्या नादात ही चूक सहज होते.

रुग्णसंख्येबद्दल माझा नियम असा की ती वेगळ्या वाक्यात ठेवायचीच नाही. ‘अभ्यासात २९९ रुग्ण होते.’ असं सुटं वाक्य केलं की जागा कमी पडताच पहिली कात्री त्यावर चालते. संख्या परिणामाच्याच वाक्यात, गटाच्या नावाला चिकटवून कंसात टाका. मग ती काढायची तर वाक्यच मोडावं लागतं. शिवाय गटनिहाय संख्या असली की खालच्या आकड्यांना अर्थ येतो: चेस्ट सिंड्रोमचे २५ आणि ५१ हे अनुक्रमे १५२ आणि १४७ पैकी आहेत, म्हणजे सुमारे १६ टक्के आणि ३५ टक्के. एकूण २९९ चाच आकडा ठेवला असता तर वाचणाऱ्याला हे काढता आलं नसतं. इतर अभ्यास घ्याल तेव्हा एक तपासा: गटांत वाटलेले रुग्ण आणि शेवटी हिशेबात धरलेले रुग्ण सारखेच आहेत का. वेगळे असतील तर परिणामाशेजारी हिशेबातली संख्या द्या आणि गळती किती ते दोन शब्दांत सांगा.

आता काय काढायचं. पहिल्या-दुसऱ्या क्रायसिसपर्यंतचा काळ काढा, तीच गोष्ट दुसऱ्या मापाने सांगितली आहे. रक्त देण्याचा आकडाही जाऊ द्या, चेस्ट सिंड्रोम जास्त जीवघेणा म्हणून तो ठेवू. डोसची ओळ तर तुमच्या पत्रकात नकोच. ० ते ३५ हा सल्ल्याचा डोस नाही. प्रत्येकाला सोसेल तिथपर्यंत डोस वाढवत नेला होता, आणि शून्य म्हणजे शेवटी काहींचं औषध बंद होतं. घरी बसून कोणी हा आकडा स्वतःला लावला तर पंचाईत.

दुष्परिणामांची ओळ मात्र काढू नका आणि गुळगुळीतही करू नका. ‘महत्त्वाचे दुष्परिणाम आढळले नाहीत’ याचं ‘दुष्परिणाम नाहीत’ झालं की खोटं झालं. या औषधाने रक्तपेशी कमी होऊ शकतात, म्हणून तर ते चालू असताना वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. आणि हा अनुभव सरासरी २१ महिन्यांचा आहे, कारण चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली. तो कालावधी त्याच वाक्यात ठेवा.

हे सगळं जोडून:

‘वर्षाला तीन किंवा अधिक क्रायसिस येणाऱ्या २९९ प्रौढांच्या चाचणीत वार्षिक क्रायसिसचा मध्यक हायड्रॉक्सीयुरिया गटात (१५२ जण) २.५ आणि प्लासिबो गटात (१४७ जण) ४.५ होता (पी<०.००१). चेस्ट सिंड्रोम २५ विरुद्ध ५१ जणांना झाला. सरासरी २१ महिन्यांत औषधाचे महत्त्वाचे दुष्परिणाम आढळले नाहीत.’

चाळीस शब्द. ‘तीन किंवा अधिक क्रायसिस येणाऱ्या प्रौढांच्या’ हे शब्द भरतीचे वाटतील, पण ते काढलेत तर विदर्भातल्या प्रत्येक सिकलसेल रुग्णाला, अगदी पाच वर्षांच्या पोरालाही, हाच आकडा लागू आहे असं वाचलं जाईल. या चाचणीत लहान मुलं नव्हती आणि वर्षाला एखादाच क्रायसिस येणारेही नव्हते.

उरलेल्या पाच शब्दांत मी तुमच्या जागी क्रायसिसचा अर्थ घातला असता. त्याची व्याख्या ॲब्स्ट्रॅक्टमध्ये नाही, पूर्ण लेखात आहे: सिकलसेलच्या वेदनेसाठी दवाखान्यात चार तासांहून जास्त थांबावं लागलं आणि अफूवर्गीय वेदनाशामक, बहुतेक वेळा इंजेक्शननं, द्यावं लागलं, तर तो एक क्रायसिस. घरी गोळी घेऊन, अंग शेकून काढलेली रात्र यात मोजलेलीच नाही. तुमचे वाचक ‘वर्षाला २.५’ वाचून म्हणतील, आमचं तर महिन्याला दोनदा दुखतं. म्हणून पहिल्या ‘क्रायसिस’ला ‘दवाखान्यात नेणारे वेदनेचे’ हे तीन शब्द जोडा. एकूण ४३ होतात.

कधी ३५ शब्दांचीच जागा मिळाली तर आधी पी-मूल्य काढा, मग चेस्ट सिंड्रोम. दोन मध्यक आणि त्यांच्या कंसातल्या संख्यांना हात लावू नका.