‘बघू’ म्हणून झाल्यावर

“आमची दोन वर्षांची ओळख आहे. उपवन तलावाजवळ त्यानं लग्नाचं विचारलं. तो मला आवडतो, पण लग्न आत्ता नकोय. मी ‘बघू’ म्हणाले. आता त्याच्या आईनं माझी पत्रिका मागितलीय. त्याला तोडायचं नाही, खोटंही बोलायचं नाही. काय सांगू?”

(वय २८, राहणार कळवा, नोकरी ऐरोलीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

‘बघू’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. गिऱ्हाईक दुकानात ‘बघू’ म्हणून बाहेर पडतं तेव्हा तो नकार असतो, आई ‘बघू’ म्हणते तेव्हा बहुतेक वेळा होकार. त्या मुलानं त्याला हवा तो अर्थ घेतला आणि घरी सांगून टाकलं. त्यात त्याची चूक नव्हती.

ती सल्ल्यासाठी आमच्याकडे आली. त्या पहिल्या भेटीत, त्याला काय सांगायचं याकडे आम्ही वळलोच नाही. तिच्या धाकट्या भावाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं आणि फी तिच्या पगारातून जात होती. तिला एकच विचारलं: उद्या सकाळी कुणी ती फी भरून टाकली, तर संध्याकाळी त्याला हो म्हणाल? बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “लगेच नाही. निदान सहा महिने स्वतःचा पगार स्वतःच्या हातात ठेवून राहायचंय. नोकरी लागल्यापासून कधी राहिलेच नाही तशी.” म्हणजे खरं कारण दुसरंच होतं, आणि ते तिनं त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. या प्रश्नावर “तरीही नाही, आणि कधी हो म्हणेन असं वाटत नाही,” असं मनातून आलं, तर तो नकार असतो आणि नकार म्हणूनच सांगावा लागतो. त्याला ‘अजून नाही’चं नाव दिलं की समोरचा माणूस विनाकारण अडकून पडतो.

दुसऱ्या भेटीला ती कागदावर लिहून आली: “घरची परिस्थिती तुला माहीतच आहे. थोडं थांबूया ना. तुला दुसरी कुणी आवडली तर मी समजू शकते.” ‘थोडं’ म्हणजे दोन महिने की दोन वर्षं, हे त्याला कळणार नव्हतं. कारण घरच्यांवर ढकललं, तर तो घरच्यांनाच समजवायला निघाला असता. आणि शेवटचं वाक्य तिला उदार वाटत होतं, पण ऐकणाऱ्याला ते ‘जा’ असंच ऐकू येतं. तासाभरानंतर ठरलं ते असं:

“तू विचारलंस ते मला आवडलं. त्या दिवशी मी ‘बघू’ म्हणाले, ते उत्तर नव्हतं. तुझ्याबरोबर संसार करावा असं वाटतं, पण आत्ता मी हो म्हणू शकत नाही. जूनपर्यंत भावाची फी आहे. त्यानंतर सहा महिने मला माझ्या पगारावर, माझ्या हिशेबानं राहून बघायचंय. हे माझं कारण आहे, आईचं किंवा भावाचं नाही. संक्रांतीला आपण पुन्हा बसू, तेव्हा हो किंवा नाही स्पष्ट सांगेन. तोवर थांबायचं का, हे तू ठरव.”

यात तारीख उत्तराची आहे, लग्नाची नाही. लग्नाचा महिना सांगितला असता तर तो होकारच झाला असता. ‘संसार करावा असं वाटतं’ हे वाक्यही खरं असेल तरच ठेवायचं.

हे ती ठाणे-ऐरोली गाडीत सांगणार होती, कारण दोघं रोज तिथं भेटतात. पण दहा-बारा मिनिटांत, गर्दीत, पुढे दिवसभराचं ऑफिस असताना माणसाला नीट दुखावताही येत नाही. तिनं शनिवारी सकाळी तलावपाळीला बोलावलं. तिथून दोघांना आपापल्या वाटेनं घरी जाता येतं.

अपेक्षेप्रमाणे तो म्हणाला, “मग निदान साखरपुडा करून ठेवू. नाहीतर कोर्ट मॅरेजची नोटीस देऊन ठेवू.” अशा वेळी दया येऊन माणूस अर्धा होकार देऊन बसतो, म्हणून याची तयारी आधीच करून घेतली होती. साखरपुडा म्हणजे चार माणसांत दिलेला शब्द. आणि १९५४च्या विशेष विवाह कायद्यातली नोटीस ‘देऊन ठेवता’ येत नाही: ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते. तिनं एवढंच म्हटलं, “ते दोन्ही होच झालं. तो मी आत्ता देत नाहीये.”

तो रागावला, उठून गेला. तिनं मागोमाग मेसेज केले नाहीत, हे तिला सगळ्यात जड गेलं. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. संक्रांतीपर्यंत थांबतो, पण तारीख पुढे सरकली तर थांबणार नाही, असं तो म्हणाला. ती ‘बरं’ म्हणाली. तो तसं म्हणू शकतो, हे तिनं आधीच मान्य केलं होतं. पत्रिकेचं काय, हे त्यानंच आईला सांगितलं: “ती नाही म्हणाली नाहीये, पण होही म्हणाली नाहीये. जानेवारीपर्यंत तिला काही विचारू नकोस.”