कुंभार हा हुद्दा, शिंपी हा धंदा: चार आडनावं आणि गावाचा जुना हिशेब

प्रश्न: सोनार, लोहार, कुंभार, शिंपी ही आडनावं जुन्या गावाच्या अर्थव्यवस्थेबद्दल खरंच काही सांगतात का, की ती नुसती जातीची नावं आहेत?

सांगतात, पण चारही नावं एकच गोष्ट सांगत नाहीत. माझं आडनाव कुंभार आहे. आमच्या घरात आजोबांपर्यंत चाक फिरत होतं, त्यामुळे घरात ऐकलेलं आणि पुढे जुनी दप्तरं चाळताना उमगलेलं मांडतो.

पहिली गोष्ट ही की देशावरच्या गावात कुंभार किंवा लोहार असणं म्हणजे नुसता धंदा करणं नव्हतं. पाटीलकी आणि कुलकर्णीपण जसं वतन, म्हणजे पिढीजात हक्काचं काम, तशीच कुंभारकी, लोहारकी, सुतारकी. ते वतन ठरावीक गावाचं असे. आमच्या पणजोबांना वाटलं म्हणून शेजारच्या गावात जाऊन मडकी पुरवता येत नव्हती, कारण तिथला हक्क तिथल्या कुंभाराचा. उलट आपल्या गावात दुसरा कुंभार येऊन बसला तर तक्रार करता येई, आणि ती गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदारांच्या न्यायसभेपुढे जाई. वतन भावांत वाटलं जाई, गहाण पडे, विकलंही जाई. जुन्या महजरांवर, म्हणजे त्या सभेच्या निवाड्याच्या कागदांवर, ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या अवजाराची निशाणी काढत. पाटलाचा नांगर असे, न्हाव्याचा आरसा असे. गावाच्या कागदावर माणूस उभा राही तो त्याच्या कामाच्या नावाने.

आता लोहार घ्या, कारण बलुतं, म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल सुगीत मिळणारा धान्याचा वाटा, का पडलं ते त्याच्यावरून सर्वांत स्पष्ट कळतं. पेरणीच्या दिवसांत पाऊस पडून वापसा आला की शेतकऱ्याच्या हातात मोजके दिवस असतात. त्यात फाळ बोथटला किंवा कुळवाची पास तुटली तर त्याच दिवशी दुरुस्ती हवी. बाजाराला जायला वेळ नाही आणि भाव करत बसायलाही नाही. म्हणून गावाने लोहाराला वर्षभरासाठी बांधून घेतलं. काम पडेल तेव्हा त्याने ते करायचं, आणि सुगीत खळ्यावर रास तयार झाली की त्याचा वाटा द्यायचा. हा वाटा बहुधा औतावर ठरे, म्हणजे ज्याच्या घरी जास्त बैल आणि नांगर, त्याच्याकडून जास्त धान्य, कारण त्याचंच लोखंड जास्त झिजणार. कुठे पेंढ्या मिळत, कुठे मापाने ज्वारी. लोखंड आणि कोळसा शेतकऱ्याने आणायचा, भाता ओढायला आणि घण मारायलाही बहुतेकदा त्याचाच माणूस. लोहार द्यायचा ते हात आणि कसब. फाळाला धार लावणं, विळ्याला पाणी देणं ही कामं बलुत्यात धरली जात. गाडीच्या चाकाला नवी धाव बसवायची असेल तर त्याचे पैसे किंवा धान्य वेगळं.

या रचनेत दुष्काळाचा तोटा वाटला जाई, असं लोक कौतुकाने सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. रास कमी झाली तर लोहाराचा वाटाही कमी होई, तरी काम मात्र तेवढंच राही. शेतकऱ्याकडे निदान जमीन होती. आणि बलुतेदारांच्या ओळीत जो जितका खाली, त्याला काम जास्त आणि मोबदला कमी. थोरली, मधली, धाकटी अशा तीन कासा मानत, म्हणजे गाय एकच आणि दूध काढणारे पाळीने येणारे. कोणती जात कोणत्या कासेत, हे गावोगाव बदले. महार आणि मांग यांच्या वाट्याला आलेली बिनमोबदल्याची राबणूक बघितली की हा हिशेब बरोबरीचा नव्हता हे मान्य करावंच लागतं. सोय गावाची होती, आणि बलुतेदाराला ती सहज सोडून जाता येत नव्हतं.

आमच्या कुंभारांचं थोडं निराळं होतं. फाळ मोडला की शेत अडतं, तसं मडक्यावाचून अडत नाही, पण सण अडतो. संक्रांतीला घरटी पाच सुगडं, नवरात्रात घट, अक्षयतृतीयेला करा आणि केळी, लग्नात कलशाची उतरंड, आणि घरात कोणी गेलं तर अंत्यविधीचं मडकं. एवढं आम्ही न मागता पोचवायचं. आजी सांगायची की कुणाच्या घरी माणूस गेल्याचं गावाला कळायच्या आधी कधीकधी आमच्या घराला कळायचं, कारण मडक्यासाठी माणूस आधी आमच्याच दारी यायचा. पाण्याच्या घागरी, रांजण, डेरे मात्र नेमापेक्षा जास्त लागले तर विकत. आठवडे बाजारात गाढवावर लादून नेलेला माल वेगळाच. म्हणजे कुंभाराचा एक पाय बलुत्यात आणि एक बाजारात होता.

बदल्यात धान्य तर होतंच, शिवाय काही हक्क असे होते की ते पैशात मोजता येत नाहीत. गावाच्या हद्दीतून, तळ्याच्या गाळातून माती उचलायचा हक्क. आणि जळण. ‘कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच’ ही म्हण सगळ्यांना माहीत आहे, पण ती का पडली हे आता फार जणांना आठवत नाही. मडकी भाजायचा आवा लावायला वाळलेलं शेण, पाचट, भुसकट, केरकचरा लागतो. एवढं जळण विकत घेऊन मडकं परवडत नाही. ते गोळा करायचं काम घरच्या बायकांचं, म्हणून नवी सून किती का लाजेना, उकिरड्यावर येणारच. त्या एका म्हणीत आमच्या धंद्याचा सगळा खर्च-हिशेब आहे.

सोनाराकडे गेलं की पैसा येतो. गावात दागिने घडवणारा सोनार होताच, पण गावकीत त्याचं खरं वजन वेगळ्या कामामुळे होतं. शेतसारा रोख भरायचा असेल तर पाटलाकडे येणारे रुपये सारखे नसत. चांदवडी, अंकुशी, हाली सिक्का, अशी वेगवेगळ्या टांकसाळींची नाणी एकाच गावात फिरत. कुठलं नाणं कसाला कमी, कुठलं झिजलेलं, कशावर किती बट्टा द्यायचा, हे पारखायला माणूस हवा. तो पोतदार. मूळ शब्द फारशी फोतेदार, म्हणजे खजिन्याची पिशवी सांभाळणारा. बहुधा हे काम सोनाराकडे असे, म्हणून आज पोतदार आणि सोनार ही आडनावं इतकी जवळ दिसतात. गावकामगारांच्या जुन्या याद्यांत सोनार कधी बलुतेदारांत असतो, कधी अलुतेदारांत, म्हणजे गावाला कमी गरजेच्या दुय्यम कामगारांत, कधी नसतोच. मला त्याचं कारण हेच वाटतं की त्याची गरज गावाच्या शेतीला नव्हती, सरकारच्या वसुलीला होती. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया पाडला. जुनी नाणी नाहीशी व्हायला बराच काळ गेला, पण नाणी पारखण्याचं काम तिथून उतरणीला लागलं. धंदा गेला आणि पोतदार हे नाव उरलं.

शिंपी या तिघांत बसत नाही. जुन्या गावातल्या माणसाचे कपडे आठवा. पुरुषाला धोतर, पागोटं, खांद्यावर घोंगडी. बाईला लुगडं. यातलं काहीच शिवलेलं नाही. शिवलेली ती चोळी, बंडी, बाराबंदी, आणि चोळी तर कित्येक घरी बायकाच हाताने शिवत. मग लहान गावाने वर्षभराचं धान्य देऊन शिंपी कशाला बांधून ठेवावा? म्हणून जुन्या याद्यांत तो दिसलाच तर अलुतेदारांत, आणि त्याचं खरं ठाणं बाजारपेठेच्या गावात. तो नुसता शिवायचा नाही, कापड विकायचा. खण, पासोड्या घेऊन आठवडे बाजार करायचा, रोख किंवा उधारीवर द्यायचा. संत नामदेव शिंपी, आणि त्यांच्या वडिलांचं नाव दामाशेटी. ‘शेटी’ हा व्यापाऱ्याचा मान आहे आणि घर पंढरपुरात, जिथे यात्रेचा बाजार भरतो. शिंपी आडनाव दिसलं की मी पूर्वजांचं गाव शोधताना आधी पेठा आणि बाजाराची गावं बघतो. कुंभाराच्या बाबतीत मात्र कुठलंही खेडं शक्य असतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जातीचं नाव आणि आडनाव. इथे एक साधी गोष्ट आहे, जी आमच्या घरातच लपलेली होती. लग्न ठरवताना आजी कधीही कुंभार हे आडनाव घ्यायची नाही, कुळाचं दुसरंच नाव सांगायची. आणि ते बरोबरच होतं. सोयरीक जमवायला बसलेले सगळेच कुंभार, तिथे कुंभार म्हणून ओळख कशी पटणार? जातीच्या आत कुळाचं नाव लागतं आणि जातीबाहेर कामाचं. म्हणजे कुंभार, लोहार ही आडनावं आम्ही स्वतःला दिलेली नाहीत, गावाने आम्हाला ज्या नावाने हाक मारली ती आहेत. तलाठ्याने आणि शाळामास्तराने हजेरीपटावर जे कानावर पडलं ते लिहिलं. कोल्हापूर, सांगलीकडे ही पद्धत पुष्कळ घट्ट झाली, म्हणून तिथे सुतार, लोहार, कुंभार, परीट, गुरव अशी आडनावं जागोजाग भेटतात. इतर ठिकाणी त्याच जातीच्या घरांनी कुळाचं किंवा गावाचं ‘कर’ लावलेलं नाव लिहून घेतलं, आणि त्यांचा धंदा आडनावातून दिसेनासा झाला. गोव्यात चारी हे आडनाव सुतार-लोहारकामाच्या घरांत दिसतं, ते आचार्य या मानाच्या शब्दावरून आलेलं.

म्हणून आडनावावरून एखाद्या जिल्ह्यात किती लोहार होते हे मोजायला जाऊ नका, फसाल. फसवणारी नावंही आहेत. लोखंडे म्हणजे लोहार नव्हे आणि सोनवणे म्हणजे सोनार नव्हे.

तुमच्या घराबद्दल खात्री करायची असेल तर दोन ठिकाणं बघा. एक, कोतवाल बुक, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंद, बऱ्याच ठिकाणी मोडीत. तिथे ‘अमुक बिन तमुक कुंभार’ अशी नोंद असेल तर शेवटचा शब्द आडनाव म्हणून लिहिलाय की जात म्हणून, हे त्याच पानावरच्या इतर नोंदी बघून कळतं. पाटलाच्या नावापुढेही कुळाचं नाव नसून नुसता हुद्दा असेल, तर तुमच्या नावापुढचा शब्दही हुद्दाच समजा. दोन, जमिनीचे जुने उतारे. गावात कुंभारकी, सुतारकी, न्हावकी अशा नावाचं शेत असेल तर ती सेवेबद्दल दिलेली इनाम जमीन होती. १९५३ च्या कायद्याने गावाच्या सेवेची अशी इनामं रद्द झाली, पण शेताचं नाव बहुतेकदा तसंच राहतं. आमच्या गावात ओढ्याकाठच्या एका तुकड्याला अजून कुंभारकीच म्हणतात. ती आता आमच्याकडे नाही, तिथे ऊस आहे.