पहिल्या दोन मिनिटांत काय बोलायचं?

प्रश्न: "ग्रँट कमिटीसमोर दहा मिनिटं मिळालीत. विषय डाळिंबावरचा तेल्या रोग. पहिल्या दोन मिनिटांत स्वतःची ओळख किती आणि विषय किती?"

ओळख दोन वाक्यं, बाकी सगळा विषय. मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पहिल्यांदा कमिटीपुढे गेले तेव्हा पदव्या, गाईड, पेपर सांगण्यातच दोन मिनिटं गेली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, हे फाइलमध्ये आहे." पुढे माझा आवाज सावरलाच नाही, आणि ग्रँटही मिळाली नाही.

पुढच्या वेळी सुरुवात अशी केली:

"नमस्कार. मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि चार वर्षं तेल्याच्या जिवाणूवर काम करते आहे. पावसाच्या थेंबांबरोबर तेल्या झाडावरून झाडावर जातो. पण नव्या बागेत तो अनेकदा गुटी कलमातूनच येतो. कलम निरोगी दिसतं, आत जिवाणू असतो. शेतकऱ्याला कळतं तेव्हा फळ तडकलेलं असतं. प्रयोगशाळेत पीसीआरने हे आधी कळू शकतं, पण रोपवाटिकेत कलम विकताना ही तपासणी सहसा होत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: रोपवाटिकेतच, त्याच दिवशी उत्तर देणारी चाचणी पीसीआरइतकी विश्वासार्ह ठरेल का? दोन वर्षांत तीन रोपवाटिकांमधली तीनशे कलमं दोन्ही पद्धतींनी तपासून, तीच कलमं लावून वर्षभर पाहायची आहेत."

सावकाश वाचलं तर हे सव्वा मिनिटात होतं. उरलेल्या वेळात एकच स्लाइड: तेलकट डाग पडून तडकलेल्या डाळिंबाचा फोटो. कमिटीत वनस्पतिरोगाचा माणूस एखादाच असतो. बाकीच्यांना त्या फोटोवरून प्रश्न कळतो. जिवाणूचं लॅटिन नाव पहिल्या दोन मिनिटांत नको, विचारलं की सांगा.

"प्रयोगशाळेत कळू शकतं" हे मुद्दाम ठेवलंय. "यावर कुणीच काम केलेलं नाही" असं म्हणालात तर जाणकार सदस्य तिथेच अडवतो. काय झालंय ते तुम्हीच आधी सांगितलं की उरलेली फट आपोआप दिसते. तसंच "तेल्याचं निर्मूलन" हा शब्दही टाळा. चाचणी रोगट कलम ओळखेल. शेजारच्या बागेतून पावसात येणारा तेल्या ती थांबवणार नाही. तो शब्द वापरलात तर प्रश्नोत्तरांची वेळ तेवढ्यातच जाते.

सरावाचं म्हणाल तर फोनवर वेळ लावून वाचायचं, आणि विषयाबाहेरच्या माणसापुढे. मी सांगोल्याच्या मामांना ऐकवलं. त्यांची डाळिंबाची बाग आहे. पहिल्या मसुद्यावर ते म्हणाले, "हे सगळं ठीक गं, पण कलम घ्यायचं का नाही ते कधी सांगणार?" "त्याच दिवशी" हे शब्द त्यानंतर आले.