कुलूप बदलायचं की फक्त चावी?

भाडेकरूंना तीन चाव्या दिल्या होत्या, परत दोनच आल्या. अख्खं कुलूप बदलू का? दारात आत बसवलेलं हँडलवालं लॉक आहे.

तिन्ही परत आल्या असत्या, तरी अकरा महिन्यांत कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून किती डुप्लिकेट निघाल्या हे कुणाला ठाऊक? पण अख्खं लॉक काढायची गरज नाही. तुमचं मॉर्टिस लॉक दिसतंय. त्यात चावी जाते तो पितळी सिलिंडर वेगळा निघतो, हँडल आणि पेटी तशीच राहते.

दार उघडा आणि दाराच्या जाडीवरच्या पट्टीत, सिलिंडरच्या उंचीवर असलेला लांब स्क्रू काढा. मग चावी घालून किंचित फिरवा, म्हणजे सिलिंडरची जीभ आत दडते आणि तो सरकून बाहेर येतो. येत नसेल तर ठोकू नका, चावी आणखी थोडी इकडेतिकडे करून बघा.

दुकानात जाताना जुना सिलिंडर सोबत न्या. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत मोजा. माझ्या एका भाडेकरूनंतर मी फक्त एकूण ६० मिमी सांगून सिलिंडर आणला. तो ३०-३० चा होता आणि दाराला हवा होता २५-३५. बाहेरच्या बाजूने बोंडासारखा पुढे आला. असा पुढे आलेला सिलिंडर पान्याने धरून मोडता येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी परत केला.

लांब दांडीची, टोकाला एकच पातं असलेली चावी असेल, तर मात्र आत पिनांऐवजी लिव्हर असतात आणि असा सिलिंडर नसतो. तिथे बहुधा पूर्ण लॉकच बदलावं लागतं.

जुना लॅच आहे. चावीवाला म्हणतो, "पिना बदलून देतो, नवा कशाला घेता?" खरं का?

खरं आहे. चावीचे दाते आतल्या लहानमोठ्या पिनांना ठरावीक उंचीवर उचलतात, सगळ्यांचे जोड एका रेषेत आले की लॅच फिरतो. त्या पिना बदलल्या की जुनी चावी निरुपयोगी होते. फक्त काही चावीवाले नव्या पिना न घालता जुन्याच जागा बदलून बसवतात. म्हणून काम झाल्यावर त्याच्यासमोर, दार उघडं ठेवून, जुनी चावी फिरवून बघा. फिरली तर पैसे देऊ नका.

पण आत्ताच चावी हलवून-हलवून लावावी लागते का? अर्धी बाहेर असतानाही फिरते का? मग भोक आणि पिना झिजल्यात. त्यावर खर्च करू नका, नवा लॅच घ्या.

ग्रिलच्या लहान कुलपाची चावी बाजारात हरवली. चाव्यांना फ्लॅट नंबरचा टॅग होता.

कुलूप टाकून द्या, त्यात पिना बदलत बसणं परवडत नाही. काळजी टॅगची आहे. त्याच जुडग्यात मुख्य दाराचीही चावी होती का? असेल तर सिलिंडर आजच बदला, उद्यावर ढकलू नका. आणि नव्या जुडग्याला नंबर लावू नका.