सिमेट्रिक एफआयआर फिल्टर, लिनिअर फेज आणि प्रेशरचा ग्राफ

प्रश्न: मी बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिक टेस्ट बेंचवर काम करतो. १४४० आरपीएमची मोटर, ९ पिस्टनचा पंप, प्रेशर सेन्सरचं सॅम्पलिंग १००० हर्ट्झ. पंपाचा रिपल काढायला बटरवर्थ फिल्टर लावला तर व्हॉल्व्ह उघडतानाचा प्रेशरचा आकारच बदलतो. सिमेट्रिक एफआयआर लाव, त्याचा ग्रूप डिले कॉन्स्टंट असतो, असं एकानं सांगितलं. त्यानं आकाराचं नेमकं काय होतं?

उत्तर: सिमेट्रिक एफआयआर सिग्नलमधल्या प्रत्येक फ्रिक्वेन्सीला सारखाच वेळ उशीर करतो. त्यामुळे त्या सगळ्या एकमेकींच्या जागा न सोडता, एकत्रच मागे सरकतात. मात्र फिल्टरनं कमी केलेल्या फ्रिक्वेन्सी आकारातून जातातच, त्याला कॉन्स्टंट डिले काही करू शकत नाही. हे दोन परिणाम वेगळे ओळखता आले की तुमचं काम सोपं होईल.

आधी तुमच्या बेंचचा हिशोब. १४४० आरपीएम म्हणजे सेकंदाला २४ फेरे, आणि ९ पिस्टन, म्हणून रिपल २१६ हर्ट्झला. त्यासाठी मी हा छोटा फिल्टर सुचवेन: १, २, ३, ४, ५, ४, ३, २, १, आणि सगळ्यांना २५ नं भाग. पाच सॅम्पलची सरासरी लागोपाठ दोनदा घेतली की हेच आकडे मिळतात.

यात मधला आकडा ५, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या आकड्यांच्या जोड्या. एखादी जोडी घ्या, समजा मधल्यापासून एक सॅम्पल आधीचा ४ आणि एक सॅम्पल नंतरचा ४. साइन वेव्ह आत आली की एका ४ मुळे तिचा फेज जेवढा पुढे जातो, तेवढाच दुसऱ्यामुळे मागे येतो. दोघांची बेरीज मधल्या सॅम्पलच्या फेजवरच येते, बदलते ती फक्त उंची. चारही जोड्यांचं असंच होतं, म्हणून एकूण उत्तर असं निघतं:

```
H(w) = e^(-j4w) * (5 + 8cos w + 6cos 2w + 4cos 3w + 2cos 4w) / 25
```

कंसातला भाग निव्वळ वास्तव संख्या आहे, त्यात फेज नाही. सगळा फेज पुढच्या `e^(-j4w)` मध्ये, आणि त्याचा अर्थ एवढाच की ४ सॅम्पल उशीर. १००० हर्ट्झला ते ४ मिलिसेकंद. १० हर्ट्झच्या वेव्हला ४ मिलिसेकंद म्हणजे १४.४ अंश, ४० हर्ट्झच्या वेव्हला ५७.६ अंश. फ्रिक्वेन्सी चौपट, अंशही चौपट: लिनिअर फेज तो हाच. अंश वेगवेगळे दिसले तरी वेळ एकच आहे.

तुमच्या बटरवर्थमध्ये हे होत नाही. चौथ्या ऑर्डरचा, १२० हर्ट्झ कटऑफचा डिजिटल बटरवर्थ याच सॅम्पलिंगला धरला, तर अगदी कमी फ्रिक्वेन्सीला डिले साधारण ३.३ मिलिसेकंद आणि कटऑफजवळ साधारण ५.४. प्रेशरच्या चढाचा कोपरा घडवणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सी दोन मिलिसेकंद उशिरा पोचतात आणि चढ संपल्यावर शेपटीसारख्या हलत राहतात. तुमचा आकार बिघडला त्यात या शेपटीचा मोठा वाटा आहे.

आता एक बारकावा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. ग्रूप डिले हा फेजच्या रेषेचा उतार आहे. उतार कॉन्स्टंट असला म्हणजे ती रेषा शून्यातून जातेच असं नाही. १, ०, -१ हा उलट चिन्हांचा फिल्टर पाहा. त्याचा ग्रूप डिले सगळीकडे बरोबर १ सॅम्पल आहे, पण प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वर ९० अंशांची भर पडते. सपाट माथ्याचा प्रेशर पल्स त्यातून काढला तर चढाला एक वरचा आणि उताराला एक खालचा काटा उरतो, मधला माथा गायब. म्हणून "ग्रूप डिले कॉन्स्टंट" एवढ्यावर थांबू नका. आकार टिकायला फेजची रेषा शून्यातून जायला हवी, आणि ती हमी सारख्या चिन्हांच्या सिमेट्रीतून येते. तिथंही कंसातला भाग ऋण झाला तर ती फ्रिक्वेन्सी उलटी होते. पाच सॅम्पलची साधी सरासरी एकदाच घेतली तर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये नेमकं हेच होतं, उरलेल्या रिपलचे उंचवटे खड्डे होऊन दिसतात. दोनदा घेतली की वर्ग होतो आणि हा प्रश्न मिटतो.

वरच्या फिल्टरमधून २१६ हर्ट्झचा रिपल साधारण ०.६ टक्का उरतो. किंमत अशी की ४० हर्ट्झचा भागही साधारण १२ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे चढाचे कोपरे थोडे गोल होतील. पण दोन्ही बाजूंनी सारखेच गोल होतील, आणि चढाचा मध्य जागेवर राहील.

कुणी म्हणेल, ५१ सहगुणकांचा, हॅमिंग विंडोचा, १२० हर्ट्झचा फिल्टर लावा, कट जास्त धारदार मिळेल. मिळेल, आणि तोही लिनिअर फेजच आहे, डिले २५ मिलिसेकंद. पण प्रेशर एकदम १०० बारनं चढला तर ग्राफवर चढानंतर साधारण ८ बारचा उंचवटा येईल आणि चढाच्या आधी तेवढाच खड्डा. डिले वजा केल्यावर तो खड्डा व्हॉल्व्ह उघडण्याच्याही आधी दिसतो, आणि बघणारा प्रेशर खरंच पडला असं समजतो. त्या फिल्टरमधले काही सहगुणक ऋण आहेत, म्हणून हे होतं. ९ आकड्यांच्या फिल्टरमध्ये सगळे धन आहेत, त्यामुळे एका चढाचं उत्तर फक्त चढतंच जातं. तरीही तो चढ, डिले वजा केल्यावर, खऱ्यापेक्षा ४ मिलिसेकंदांपर्यंत आधी सुरू झाल्यासारखा दिसू शकतो. प्रेशर नेमका कधी हलला हे मोजायचं असेल तर कच्च्या डेटावर मोजा.

व्हॉल्व्हचा करंट त्याच ग्राफवर काढत असाल तर डिले काढून टाकणं विसरू नका, नाहीतर व्हॉल्व्ह ४ मिलिसेकंद सुस्त आहे असा निष्कर्ष निघेल.

```python
import numpy as np
from scipy.signal import lfilter

h = np.array([1,2,3,4,5,4,3,2,1]) / 25
y = lfilter(h, 1, p)
y2 = y[4:]
i2 = current[:-4]
```

सुरुवातीचे ८ आउटपुट वापरू नका. प्रेशर १०० बारवर स्थिर असला तरी `lfilter` आधीचं सगळं शून्य धरतो, म्हणून पहिले आकडे ४, १२, २४, ४० असे येतात आणि नवव्याला १०० मिळतात. सहगुणकांची संख्या विषमच ठेवा. १० घेतले तर डिले ४.५ सॅम्पल होतो, आणि अर्धं सॅम्पल सरकवून करंटशी जुळवता येत नाही.

हाच सिग्नल व्हॉल्व्ह कंट्रोलच्या लूपमध्ये जात असेल तर हिशोब बदलतो. तिथं आकारापेक्षा एकूण उशीर जास्त नडतो. ५१ सहगुणकांचे २५ मिलिसेकंद १० हर्ट्झला पूर्ण ९० अंश मागे नेतात, आणि तेवढ्यानं लूप हेलकावे खाऊ शकतो. लूपसाठी कमी डिलेचा फिल्टर, रेकॉर्डिंगसाठी सिमेट्रिक, असे दोन वेगळे मार्ग ठेवा.

मायक्रोकंट्रोलरवर लिहिलंत तर तपासायला आत एकच सॅम्पल २५ द्या, बाकी सगळी शून्य. बाहेर १, २, ३, ४, ५, ४, ३, २, १ याच क्रमानं यायला हवेत. एखादा आकडा गळला किंवा दोनदा आला, तर बफरचा इंडेक्स एकनं चुकला आहे आणि सिमेट्री मोडली आहे.