आजी हयात आहे का, ते आधी सांगा

प्रश्न : बाबा नुकतेच गेले. बँकेत आणि कोथरूडच्या फ्लॅटला नॉमिनी आईच आहे. तरी वारस दाखला लागेल का?

बँकेला नाही लागणार. नॉमिनी असेल तर क्लेम फॉर्म, मृत्यू दाखला आणि आईची केवायसी कागदपत्रं पुरतात. तरी कोणी कोर्टाचा कागद मागितला, तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा. नॉमिनी नसेल तर प्रकरण वेगळं.

फ्लॅटचं मात्र तसं नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी आईला फार तर तात्पुरती सभासद करेल. मालकी वारसांची, आणि हे वारस कोण, इथेच आमच्या घरात घोळ झाला.

बाबा गेले तेव्हा आजी हयात होती. वंशावळीत दादाने आई, तो आणि मी एवढीच नावं घातली. मी म्हटलं, आजीचं नाव घाल. तो म्हणाला, "म्हातारीला कशाला त्रास? तिला जिना तरी उतरता येतो का?" काकाही "हो, हो" म्हणाला. सोसायटीने हमीपत्र घेऊन शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवलं आणि सगळ्यांना वाटलं, झालं काम.

हिंदू वारसा कायद्यात मृताची आई त्याच्या बायको-मुलांच्या बरोबरीची, पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणजे फ्लॅटचा पाव हिस्सा आजीचा होता. पुढे आजीही गेली, आणि तो पाव हिस्सा आमच्याकडे परत आला नाही. तो तिच्या वारसांत वाटला गेला: बारावा हिस्सा काकाचा, बारावा आत्याचा, आणि बाबांच्या वाटचा बारावा दादाचा नि माझा मिळून. आईला त्यातलं काही नाही. फ्लॅट विकायला काढला तेव्हा गिऱ्हाइकाच्या कर्जासाठी आलेल्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "वडिलांची आई कधी वारली?" मग काकाला सहीची किंमत कळली.

म्हणून तुमची आजी असेल तर तिचं हक्कसोडपत्र आत्ताच करून घ्या. स्टँप पेपरवर नोटरी करून चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. अर्थात तिला हिस्सा सोडायचा असेल तरच. तो तिचा आहे, लाडीगोडीने काढून घेऊ नका.

दाखल्याचं राहिलंच. सगळे वारस सही करायला तयार असतील तर बहुतेक सोसायट्या कोर्टात पाठवत नाहीत. पाठवलंच तर शिवाजीनगरला दिवाणी न्यायालयात अर्ज करा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघते, हरकत आली नाही तर दाखला मिळतो. महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावर नाव आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, त्याने मालकी ठरत नाही.

हे सगळं मृत्युपत्र नसेल आणि तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू असेल तर. इतरांचे हिस्से वेगळे पडतात.

आणि जिन्याचं म्हणाल, तर आजारी माणसासाठी निबंधक फी घेऊन घरी येतो. हे मी दादाला तेव्हाही सांगितलं होतं.